चेपलेल्या पुठ्ठ्याचा माग

पावसाळ्यात गोदामातली थप्पी एकदम कोसळत नाही. आधी सगळ्यात खालच्या थरातल्या एखाद्या खोक्याच्या भिंतीला मधोमध फुगवटा येतो. मग कोपऱ्याकडून तिरकी सुरकुती धावते आणि एके सकाळी तो खोका बसलेला दिसतो. वरचे सात त्या बाजूला कलतात, शेजारच्या थप्पीवर रेलतात आणि तिच्याही तळावर जादा भार पडतो. चाकण पट्ट्यातल्या, नालीदार पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याकडे जुलैमध्ये ग्राहकाकडून अशाच बसलेल्या खोक्यांचे फोटो आले. त्यानंतर जे काम उभं राहिलं त्यात मी मार्गदर्शक म्हणून होतो. त्यातले बारकावे खोके बनवणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिल्या बैठकीत उत्तरं तयार होती. खरेदी विभागाच्या मते गिरणीचा कागद घसरला होता. उत्पादन विभाग म्हणाला, दर पावसाळ्यात हे होतंच. विक्रीवाल्यांना ग्राहकाच्या गोदामातली हाताळणी धड नाही असं वाटत होतं. मालकांनी पर्याय मांडला तो सगळ्यांना पटण्यासारखा होता: पाच प्लायपैकी बाहेरचा कागद एक पायरी जाड घ्या, म्हणजे वजन वाढेल, ताकद वाढेल, विषय संपेल. खोक्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो. हा विषय त्या भावात संपणार होता आणि दर महिन्याला संपत राहणार होता.

डीमॅक ही पद्धत इथे अडवते. डिफाइन, मेजर, अनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल या पाच पायऱ्यांची आद्याक्षरं मिळून हे नाव झालं. १९८० च्या दशकात मोटोरोलात सिक्स सिग्मा आकाराला आलं, त्याच परंपरेतली ही चौकट. पहिली डिफाइनची पायरी तिला नंतर जोडली गेली. तिचा मुख्य नियम कडक आहे: उपाय चौथ्या पायरीवर येतो, त्याच्या आधी नाही. बैठकीत मांडलेली चारही उत्तरं मी फळ्यावर लिहून घेतली आणि त्यांना ‘अंदाज’ असं शीर्षक दिलं. ती खोडली नाहीत, कारण पुढे तिसऱ्या पायरीवर त्यांची पाळी येणारच होती.

डिफाइन म्हणजे प्रश्न नीट मांडणं. पुष्कळ कारखान्यांत ही पायरी एक तक्ता भरून उरकतात. आम्ही ग्राहकाच्या गोदामात गेलो. एका खोक्यात वीस किलो माल, आठ खोक्यांची थप्पी, म्हणजे तळाच्या खोक्यावर सात खोक्यांचे १४० किलो. माल महिनाभर तसाच राहायचा. काही पॅलेटवर खोके विटांच्या बांधकामासारखे आडवेउभे रचलेले होते. खोक्याची बहुतेक ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर भार सरळ खाली उतरतो. आडवेउभे रचले की वरच्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मधोमध येतो आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. विक्रीवाल्यांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतं. पण कोपऱ्यावर कोपरा ठेवून नीट रचलेल्या थप्प्यांमध्येही तळाचे खोके बसले होते, म्हणून दोष फक्त रचणीचा म्हणता येत नव्हता. रचणीची सूचना ग्राहकाला वेगळ्या पत्राने दिली आणि ती प्रकल्पाच्या बाहेर ठेवली. आत ठेवली ती एकच गोष्ट, या एका नमुन्याच्या खोक्याची दाब सोसण्याची ताकद.

खरेदीच्या ऑर्डरवर ती ४२० किलो लिहिली होती. १४० किलो भार आणि तिप्पट सुरक्षितता, असा सरळ गुणाकार. तिप्पट ऐकायला भरपूर वाटते. पण पुठ्ठा सतत भाराखाली राहिला की थकतो. महिनाभरात त्याची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ४२० चे २५० उरतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात गेली की उरलेल्यातला सुमारे एक तृतीयांश आणखी जातो. राहतात १६८. भार १४० चा. तिप्पट म्हणता म्हणता हातात उरलेली शिल्लक एवढीच. त्यातही हे सरासरी खोक्याचं गणित. सगळे खोके सारखे नसतात आणि थप्पी बसते ती त्यातल्या कमकुवत खोक्यामुळे. ३६० किलोचा खोका याच हिशोबाने १४४ वर येतो आणि जेमतेम तग धरतो. त्याखालचा खोका तळाशी आला तर तो बसणारच.

म्हणून प्रश्न असा लिहिला गेला: या नमुन्याच्या खोक्यांची सरासरी ताकद ४२० च्या वर हवी आणि कमकुवतातला कमकुवत खोकाही ३६० च्या खाली जाता कामा नये, आज किती आहे आणि का? या वाक्यात कागद, पाऊस, हाताळणी यांपैकी कशाचंही नाव नाही. प्रश्नातच कारण घुसलं तर पुढची सगळी मोजणी त्या कारणाची बाजू मांडत बसते.

मेजरच्या पायरीवर पहिला धक्का बसला. प्रयोगशाळेच्या नोंदी काढल्या तर सगळा माल पास. कागदाचं वजन पास, पुठ्ठ्याची जाडी पास, उभ्या कडेची ताकद पास. अधूनमधून घेतलेल्या दाबचाचणीचे आकडेही ४३० च्या आसपास. नोंदी खोट्या नव्हत्या. त्या कुठे आणि केव्हा घेतल्या होत्या हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

जाडी आणि कडेची ताकद कॉरुगेटरमधून बाहेर पडलेल्या कोऱ्या शीटवर मोजली जात होती. कॉरुगेटर म्हणजे कागदाला नाली पाडून, स्टार्चची खळ लावून, गरम प्लेटांवरून नेत पाचही थर चिकटवणारी लांबलचक लाइन. त्यानंतर शीट प्रिंटर-स्लॉटरवर जाते. तिथे छपाई होते, घड्यांच्या रेघा पडतात, खाचा कापल्या जातात. मग ती दुमडून डिंकाने जोडली जाते. ग्राहकाकडे जातो तो हा तयार खोका, आणि त्याची जाडी कुणीच मोजत नव्हतं.

दाबचाचणी होत होती ती तयार खोक्याचीच, पण लाइनवरून आल्या आल्या. ताज्या पुठ्ठ्यात सात-साडेसात टक्के ओलावा असतो. तोच खोका दमट हवेत दिवसभर राहिला की साडेनऊ-दहा टक्क्यांवर जातो, आणि ओलावा एका टक्क्याने वाढला की दाब सोसण्याची ताकद साधारण आठ ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून आपल्याकडच्या हवामानासाठी २७ अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रतेत नमुना ठेवून मगच चाचणी घ्यायची असते. कारखान्यात तशी खोली नव्हती. एक छोटी खोली बंदिस्त करून, तिथे तापमान आणि आर्द्रता राखायची सोय करून खोके रात्रभर ठेवले आणि मग तपासले. सरासरी आली ३७० किलो. कमकुवत खोके ३१० पर्यंत उतरत होते. महिन्याचा थकवा आणि पावसाळा धरला तर ३१० चे १२४ उरतात. भार १४०. तळाचे काही खोके का बसतात आणि बरेचसे का टिकतात, हे आता आकड्यांत दिसू लागलं.

पण या आकड्यांवर तरी विश्वास किती ठेवायचा? मोजणारी माणसं आणि यंत्रं यांचीच परीक्षा घेणं हा मेजरच्या पायरीचा भाग आहे. एरवी तीच वस्तू दोघांना पुन्हा पुन्हा मोजायला देतात. इथे ते शक्य नसतं, कारण दाबचाचणीत खोका मोडतो. म्हणून एका गठ्ठ्यातले सलग निघालेले खोके एकसारखे मानले आणि एकाआड एक करून प्रयोगशाळेतल्या दोघांना वाटून दिले. दोघांच्या सरासरीत ३० किलोंचा फरक निघाला. उभं राहून पाहिलं तेव्हा कारण कळलं. एकजण वरखालच्या पाकळ्या चौकोनात बसवून पूर्ण टेप लावत होता. दुसरा पाकळ्या नुसत्या दुमडून खोका यंत्राच्या पाट्यांमध्ये ठेवत होता, कधी थोडा बाजूलाही. पाकळ्या सैल असल्या की खोका काटकोनात राहत नाही आणि एक कोपरा आधी दबतो. पद्धत एक केली आणि फरक काही किलोंवर आला. हे आधी केलं नसतं तर पुढे प्रत्येक प्रयोगात ३० किलोंचं धुकं राहिलं असतं आणि त्यात कुठलीही सुधारणा किंवा कुठलीही घसरण लपली असती.

मग अनालाइज. इथे माशाच्या काट्यासारखी आकृती काढून माणूस, यंत्र, माल, पद्धत असे कारणांचे काटे जोडत जायची प्रथा आहे. आम्हीही काढली आणि फळ्यावरचे चारही अंदाज तिच्यात बसवले. आकृती मात्र काहीच सिद्ध करत नाही. कुठे बघायचं, एवढंच ती सुचवते. कागदाचा संशय मिटवायला दोन वेगवेगळ्या गिरण्यांच्या रिळांपासून बनवलेल्या खोक्यांची तुलना केली. फरक नगण्य. पावसाचा संशय चाचणीच्या खोलीनेच मिटवला होता: ठरलेल्या हवेतही ताकद ३७० च.

इथे एका जुन्या सूत्राने मोठी मदत केली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावी, इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीमध्ये, मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. पुठ्ठ्याच्या उभ्या कडेची ताकद घ्या, तिला खोक्याचा परीघ आणि पुठ्ठ्याची जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणा, आणि पुन्हा ५.८७ ने गुणा. खोक्याची ताकद मिळते. आमचा खोका ४०० बाय ३०० मिलिमीटरचा, म्हणजे परीघ १४०० मिलिमीटर. कॉरुगेटरवर मोजलेली जाडी ६.५ मिलिमीटर, कडेची ताकद मीटरला ८ किलोन्यूटन. उत्तर येतं सुमारे ४५५ किलो. म्हणजे हा कागद आणि ही खळ ४५५ किलोचा खोका द्यायला समर्थ होती. खरं-खोटं करायला कोऱ्या शीटमधून हाताने खोके कापले, हाताने रेघा पाडल्या, जोडले आणि त्याच खोलीत ठेवून दाबले. ४५० आले.

आता प्रश्न अगदी लहान झाला. ४५० ची शीट आणि ३७० चा खोका यांच्यामध्ये मोजकीच यंत्रं उभी होती.

एका खेपेच्या शीटवर खुणा करून तिच्या पाठोपाठ चाललो आणि प्रत्येक यंत्राआधी व नंतर जाडी मोजली. कॉरुगेटरच्या टोकाला ६.५. थप्पीत विसावल्यावर जवळपास तेवढीच. प्रिंटर-स्लॉटरमधून बाहेर पडल्या पडल्या ५.८. दुमडून जोडल्यावर त्यात फारसा फरक नाही. म्हणजे पुठ्ठा प्रिंटर-स्लॉटरच्या पोटात कुठेतरी चेपला जात होता. यंत्रात शीट दोन प्रकारच्या रोलरांमधून दबून जाते: तिला आत ओढणारे फीड रोलर आणि छपाईचा सिलिंडर. दोष कुणाचा हे ठरवायला छपाईचा दाब पूर्ण सोडून कोऱ्याच शीट चालवल्या. जाडी ५.९. छपाईचा वाटा किरकोळ निघाला. पुठ्ठा चेपत होते ते फीड रोलर.

या टप्प्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि खोक्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते. त्याच खुणेच्या शीट दुसऱ्या दिवशी मोजल्या तेव्हा जाडी ६.२ आली. चेपलेली नाली सावकाश पुन्हा उभी राहते. म्हणजे दुसऱ्या दिवशी जाडी मोजणाऱ्याला वाटेल, काही विशेष झालं नाही. सूत्रात ६.२ घातले तर तेही ४४५ सांगतं. दाबयंत्र सांगतं ३७०. सूत्र जाडीकडे पाहून भिंतीचा ताठपणा गृहीत धरतं, पण एकदा मोडलेल्या नालीत जाडी परत येते आणि ताठपणा परत येत नाही. कडेच्या ताकदीची चाचणीही याबाबतीत आंधळी आहे. तिच्यात पुठ्ठ्याचा लहान तुकडा उभा दाबतात. तुकडा इतका आखूड असतो की तो वाकण्याआधीच चिरडतो, त्यामुळे ताठपणा गेलेला तिला कळतच नाही. खोक्याची भिंत मात्र मधोमध वाकूनच हरते. म्हणून चेपणं ओळखायचं तर जाडी यंत्राच्या पुढे आणि यंत्राच्या मागे, तिथल्या तिथे मोजावी लागते. कापलेली कड भिंगाखाली धरली तर नाल्यांचे माथे सपाट झालेले आणि काहींच्या पाठी एका बाजूला कललेल्या दिसतात. तेही तेव्हाच.

फीड रोलरांमधली फट इतकी आवळलेली का होती? हे यंत्रावरच्या अण्णांना विचारलं. यंत्राचे सगळे स्वभाव त्यांना पाठ होते.

“साहेब, शीट वाकडी येते. फट सैल ठेवली की घसरते आणि छपाई हलते. छपाई हलली तर लांबून दिसतं, माल परत येतो, माझ्या नावावर लागतो. चेपलेलं कुणाला दिसतं?”

आतापर्यंतच्या सगळ्या मोजणीपेक्षा या उत्तरात जास्त होतं. छपाई किती सरकली हे रोज मोजलं जात होतं आणि त्याचा हिशोब ऑपरेटरकडून घेतला जात होता. पुठ्ठा किती चेपला याचं मापच नव्हतं. अण्णांनी जे केलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या एकमेव आकड्याला धरून केलं होतं. त्यांनी हेही सांगितलं की पूर्वी एका साहेबांनी फट वाढवून पाहिली होती. छपाई हलली आणि फट पुन्हा आवळली गेली.

वाकड्या शीटचं कारण मागे कॉरुगेटरवर होतं. पुठ्ठ्याच्या दोन बाजूंच्या कागदांत ओलावा सारखा नसला की जास्त ओली बाजू नंतर सुकताना जास्त आकसते आणि शीट त्या बाजूला वळते. ओल्या बाजूचा कागद गरम ड्रमला जास्त वेढा देऊन नेला तर दोन्ही बाजू जुळतात. हा वेढा कमीजास्त करायचा दांडा लाइनवर होताच, पण रीळ बदललं की तो बदलायचा असा रिवाज नव्हता. शिवाय फीड रोलरांचं रबर मधल्या पट्ट्यात झिजलेलं होतं. मधे पकड बसावी म्हणून फट आवळायची आणि त्यामुळे दोन्ही कडांना पुठ्ठा जास्त चेपायचा, असं चालू होतं.

इम्प्रूव्हची पायरी आली तेव्हा रोलर नव्या रबराने मढवून घेतले. ते उघडच करायचं काम होतं. खरा प्रयोग पुढे होता. दोन गोष्टी बदलायच्या होत्या, फट आणि शीटचा सरळपणा. आपली नेहमीची सवय एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची. सवय चांगली वाटते, पण इथे तिनेच पूर्वी फसवलं होतं. म्हणून चारही जोड्या चालवल्या आणि प्रत्येक जोडीत ताकद व छपाई दोन्ही मोजल्या.

वाकडी शीट, आवळलेली फट: ताकद ३७०, छपाई जागेवर. ही रोजची स्थिती होती. वाकडी शीट, सैल फट: ताकद ४३०, पण छपाई वारंवार सरकलेली. पूर्वीच्या साहेबांनी नेमकं हेच पाहिलं होतं. सरळ शीट, आवळलेली फट: छपाई उत्तम, ताकद ३८५. कुणी फक्त शीट सरळ करून थांबलं असतं तर एवढ्या खटपटीतून पंधरा किलो मिळाले म्हणून त्याने नाद सोडला असता. सरळ शीट, सैल फट: ताकद ४४० आणि छपाई जागेवर.

चौथी जोडी पहिल्या तिन्हींवरून ओळखता येत नाही. सैल फटीमुळे छपाई बिघडते की नाही हे शीट सरळ आहे की वाकडी यावर ठरतं. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात. एक-एक गोष्ट बदलून पाहणाऱ्याला ती कधीच सापडत नाही, कारण ती दोन गोष्टींच्या मधे असते. कारखान्यात ‘हे करून पाहिलंय, चालत नाही’ असं ज्या उपायांबद्दल म्हटलं जातं, त्यातले पुष्कळ दुसऱ्या जोडीत अडकलेले असतात, अशी माझी खात्री झाली आहे. ते उपाय चुकीचे नसतात, अर्धे असतात.

४५० ची शीट ४४० वर थांबली. उरलेले दहा किलो हाताऐवजी यंत्रावर रेघा पाडताना आणि दुमडताना जातात, आणि ते या यंत्रांवर परत मिळण्यासारखे नाहीत. खोक्याखोक्यांतला फरकही कमी झाला, कारण फट आता हाताच्या अंदाजाने न लावता फीलर गेजने लागते. कमकुवत खोका ३८० च्या आसपास राहिला. जाड कागद घ्यावा लागला नाही.

शेवटची पायरी, कंट्रोल, सगळ्यात दुर्लक्षित. प्रकल्पाचं सादरीकरण होतं, टाळ्या वाजतात आणि काही महिन्यांत फट पुन्हा आवळली जाते. ती टिकवायला आम्ही एकच तक्ता ठेवला. दर दोन तासांनी पाच शीट यंत्राआधी आणि यंत्रानंतर लगेच मोजायच्या आणि जाडीतली घट बिंदूने मांडायची. अशा नियंत्रण तक्त्याची कल्पना वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये मांडली. स्वतः शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आला होता, आणि आपल्या कारखान्यांत सांख्यिकी गुणनियंत्रणाचं काम रुजायला तेव्हापासून चालना मिळाली. आमच्या तक्त्यावर घट सरासरी ०.२ मिलिमीटर राहते आणि वरची मर्यादा ०.३५ निघाली. बिंदू मर्यादेबाहेर गेला तर काय करायचं याचा क्रम तक्त्याच्या डोक्यावरच लिहिला: आधी सरळ पट्टी लावून शीटचा वाकडेपणा बघा, तो असेल तर कॉरुगेटरला कळवा, मग फट मोजा, मग रोलरचं रबर. हा क्रम नसला की पहिला हात फटीवर जातो आणि सगळं मूळपदावर येतं.

तक्ता अण्णांच्याच हातात दिला. छपाईच्या आकड्याशेजारी चेपण्याचा आकडाही त्यांच्या नावावर आला आणि वाकड्या शीटची थप्पी परत पाठवायचा अधिकारही. या अधिकारावर कॉरुगेटर विभागाने काही काळ कुरकुर केली. एका पाळीत तर थप्पी परत गेली आणि तशीच्या तशी पुन्हा पाठवली गेली. रीळ बदलताना वेढा तपासायची नोंद त्यांच्या तक्त्यात आली तेव्हा ते थांबलं.

तक्ता बघताना मर्यादेबाहेरच्या बिंदूइतकीच दुसरी एक गोष्ट मी शोधतो. बिंदू मधल्या रेषेला फारच चिकटून, जवळजवळ सरळ रांगेत आले, तर यंत्र अचानक सुधारलेलं नसतं. पाळी संपताना कुणीतरी बसून तक्ता भरलेला असतो. खऱ्या मोजणीत चढउतार असतोच. रात्रपाळीत असं दिसलं तेव्हा चौकशी केली. जाडीमापक कपाटात कुलूपबंद होतं आणि किल्ली दिवसपाळीच्या पर्यवेक्षकाकडे. मापक यंत्राशेजारी साखळीने बांधून ठेवलं आणि बिंदू पुन्हा वरखाली होऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यात या नमुन्याच्या नीट रचलेल्या थप्प्यांची तक्रार आली नाही. आडवीउभी रचणी मात्र त्या गोदामात अजूनही अधूनमधून दिसते, आणि तिथे ४४० किलोचा खोकाही पुरत नाही.

खोके विकत घेणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या ऑर्डरवर कागदाचं वजन आणि प्लायची संख्या असते, ती असू द्या; पण तयार, छापलेल्या खोक्याची दाबताकद, २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मोजलेली, असं स्पष्ट लिहा. शिवाय पुरवठादाराकडून छपाईच्या आधीची आणि छपाईनंतर लगेच घेतलेली, अशा दोन्ही जाड्या मागवा. कोऱ्या शीटचा अहवाल तुमच्या थप्पीबद्दल काहीच सांगत नाही.